हिपॅटायटीस बीचा रिपोर्ट तक्त्यात मांडून कसा वाचायचा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हॉस्पिटल, लॅब किंवा डायलिसिस सेंटरमध्ये नोकरी लागली की रुजू होण्याआधी मेडिकल होतं आणि त्यात बहुतेक वेळा हिपॅटायटीस बीच्या चाचण्या असतात. रिपोर्ट आता मोबाइलवरच येतो. तो उघडला की जवळपास सारख्या दिसणाऱ्या तीन नावांसमोर कुठे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, कुठे ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ असं छापलेलं दिसतं. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ शब्द ठळक अक्षरांत असला तर माणूस हादरतोच. पण या तीन चाचण्यांपैकी एक रिअ‍ॅक्टिव्ह येणं ही काळजीची गोष्ट असते आणि दुसरी रिअ‍ॅक्टिव्ह येणं ही आनंदाची. आपल्या रिपोर्टमध्ये नक्की कोणती आली आहे, हेच घरच्यांना आणि कधी कधी मेडिकलची फाइल पाहणाऱ्यालाही कळत नाही.

समजा, ऐरोलीतल्या चोवीस वर्षांच्या एका मुलीला स्टाफ नर्सची नोकरी लागली आहे आणि तिचा रिपोर्ट असा आला आहे:

```
HBsAg             0.31         Non-Reactive
Anti-HBs          214 mIU/mL   Reactive
Anti-HBc Total    2.10         Non-Reactive
```

तिला लागण झाली आहे का? नाही. पण हे उत्तर असंच मानून घेऊ नका. ते कसं निघालं हे एकदा समजलं की कुठलाही असा रिपोर्ट तुम्हाला स्वतःला लावता येईल.

## साल आणि कोय

यकृतावर हल्ला करणारा हिपॅटायटीस बीचा विषाणू आंब्यासारखा आहे असं समजा. बाहेर साल, आत कोय. पुन्हा झाड उगवायचं तर कोय लागते, नुसत्या सालीतून काही उगवत नाही. विषाणूचंही तसंच आहे. त्याच्या बाहेरच्या आवरणात एक प्रथिन असतं, ते म्हणजे साल. आतल्या गाभ्याचं प्रथिन वेगळं, ती कोय. विषाणूची वाढ ज्यावर अवलंबून असते ती जनुकीय सामग्री या गाभ्यातच असते.

आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या लसीत फक्त साल असते. तीही विषाणूपासून काढलेली नसते, यीस्टसारख्या पेशींमध्ये तयार केलेली असते. त्यामुळे लसीने हिपॅटायटीस बी होऊच शकत नाही. लस घेतल्यावर शरीर फक्त सालीविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजेच अँटीबॉडी, बनवतं. कोयीची आणि शरीराची गाठच पडलेली नसते, म्हणून कोयीविरुद्ध काही बनत नाही.

खरा विषाणू शिरला तर साल आणि कोय दोन्ही आत येतात, आणि शरीर दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पुढचा सगळा तक्ता एवढ्या एका फरकावर उभा आहे.

आता तीन चाचण्या पाहू. पहिली एचबीएसएजी. ती रक्तात प्रत्यक्ष साल शोधते, म्हणजे विषाणू या क्षणी शरीरात आहे का ते पाहते. दुसरी अँटी-एचबीसी. ती कोयीविरुद्धची प्रतिपिंडं शोधते, म्हणजे खरा विषाणू आयुष्यात कधीतरी शरीरात शिरला होता का ते सांगते. तिसरी अँटी-एचबीएस. ती सालीविरुद्धची प्रतिपिंडं शोधते, म्हणजे संरक्षण आहे का ते पाहते. काही लॅब शेवटच्या दोन चाचण्यांना एचबीसीएबी आणि एचबीएसएबी म्हणतात, चाचण्या त्याच. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’चा अर्थ फक्त ‘जे शोधलं ते सापडलं’ एवढाच. सापडलं ते चांगलं की वाईट, हे काय शोधत होतो त्यावर ठरतं.

## तक्ता

लॅबच्या कागदावर या चाचण्या कुठल्याही क्रमाने येतात, कधी तर वेगवेगळ्या पानांवर. म्हणून कोरा कागद घ्या आणि तीन रकाने नेहमी याच क्रमाने आखा: विषाणू आत्ता आहे का, कधी आला होता का, संरक्षण आहे का. नावापुढचं उत्तर त्या त्या रकान्यात उतरवा आणि खाली कोणत्या ओळीशी जुळतं ते पाहा.

| | एचबीएसएजी: आत्ता आहे का? | अँटी-एचबीसी: कधी आला होता का? | अँटी-एचबीएस: संरक्षण आहे का? | अर्थ |
|---|---|---|---|---|
| ओळ १ | नाही | नाही | नाही | लागण नाही, संरक्षणही नाही. लस घ्यावी |
| ओळ २ | नाही | नाही | आहे | लसीमुळे मिळालेलं संरक्षण |
| ओळ ३ | नाही | आहे | आहे | लागण होऊन गेली, शरीराने स्वतः संरक्षण मिळवलं |
| ओळ ४ | आहे | आहे | नाही | सध्या लागण आहे |
| ओळ ५ | नाही | आहे | नाही | उत्तर अपुरं, पुढची तपासणी हवी |

अँटी-एचबीसी मात्र ‘टोटल’ असायला हवी. तिच्या नावापुढे फक्त ‘आयजीएम’ असेल तर ती वेगळी चाचणी आहे. तिचं उत्तर मधल्या रकान्यात भरलं तर तक्ता चुकतो. ती कुठे लागते ते पुढे सांगतो.

ऐरोलीच्या मुलीचं उत्तर: नाही, नाही, आहे. ओळ २. कोयीची खूण नाही आणि सालीविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर, म्हणजे तिच्या शरीरापर्यंत फक्त लस पोहोचली. १० आणि त्याहून जास्त आकडा संरक्षणाचा मानतात, तिचा २१४ आहे. फाइल पाहणाऱ्याने ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ शब्द बघून तिची फाइल बाजूला ठेवली तर तो तिच्यावर उघड अन्याय होईल, कारण हॉस्पिटलला नर्सच्या रिपोर्टमध्ये हवी असते ती नेमकी हीच ओळ.

आता तिच्या वडिलांचाही रिपोर्ट काढला असं समजा. एचबीएसएजी नाही, अँटी-एचबीसी आहे, अँटी-एचबीएस ३८. संरक्षण दोघांनाही आहे, पण वडील ओळ ३ वर आहेत. त्यांना कधीतरी लागण झाली होती आणि शरीराने ती आटोक्यात आणली. त्यांना आठवतही नसेल, कारण बऱ्याच जणांना या आजारात कावीळ दिसतच नाही. फक्त अँटी-एचबीएस पाहिली असती तर बाप-लेक एकाच गटात पडले असते. दोघांना वेगळं करतो तो मधला रकाना.

## आकडे असताना शब्दांवर का जायचं?

मुलीच्या रिपोर्टकडे पुन्हा पाहा. अँटी-एचबीसी २.१० आणि तरी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. एचबीएसएजी ०.३१, तीही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. छपाईची चूक वाटेल, पण नाही. एचबीएसएजीच्या चाचणीत जे शोधतोय ते जितकं जास्त तितका यंत्राचा संकेत वाढतो, म्हणून १ च्या खाली नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. अँटी-एचबीसी मात्र काही यंत्रांवर उलट्या पद्धतीने मोजतात. तिथे रुग्णाची प्रतिपिंडं चाचणीतल्या प्रतिपिंडांशी जागेसाठी स्पर्धा करतात. रुग्णाची प्रतिपिंडं जास्त असतील तर संकेत कमी होतो. अशा यंत्रावर १ किंवा त्याखालचा आकडा रिअ‍ॅक्टिव्ह आणि १ च्या वरचा नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर हेच सरळ असतं.

म्हणून वाशीच्या लॅबमधला अँटी-एचबीसीचा आकडा ठाण्याच्या लॅबमधल्या आकड्याशी जोडून पाहू नका. शब्द वाचा, आणि त्याच ओळीत लॅबने छापलेली मर्यादा वाचा. आकडा म्हणून ज्याला खरा अर्थ आहे ती एकच चाचणी, अँटी-एचबीएस, कारण ती ठरलेल्या आंतरराष्ट्रीय एककात मोजतात.

## ‘माझं अँटी-एचबीएस ६ आलं, म्हणजे लस वाया गेली?’

हा प्रश्न नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून फार येतो, आणि उत्तर रक्त कधी दिलं यावर अवलंबून आहे. मोठ्या माणसांना लसीचे तीन डोस देतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत रक्त तपासलं आणि आकडा १० च्या खाली आला, तर लसीला प्रतिसाद मिळाला नाही असं मानतात. मग तीन डोसांचा क्रम पुन्हा करतात आणि पुन्हा तपासतात. सहा डोसांनंतरही आकडा चढला नाही तर ती व्यक्ती लसीला प्रतिसाद न देणारी. अशा व्यक्तीला पुढे कधी रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर नुसत्या लसीवर अवलंबून चालत नाही, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणून ही गोष्ट तिच्या सेवा-नोंदीत असायला हवी.

पण लस लहानपणी घेतली आणि आकडा वीस वर्षांनी ६ आला, तर गोष्ट निराळी. वर्षं गेली की रक्तातली प्रतिपिंडं ओसरतात, पण ती बनवणाऱ्या पेशींची आठवण टिकून असते. विषाणू आला तर निरोगी माणसात प्रतिपिंडं झपाट्याने पुन्हा तयार होतात. सर्वसाधारण माणसाला यासाठी वरचेवर बूस्टर घ्यायची गरज नसते. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांना एक डोस देऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासतात. आकडा वर उसळला तर आठवण शाबूत होती हे सिद्ध होतं. डायलिसिसवरच्या रुग्णांना मात्र हा दिलासा लागू नाही. त्यांचा आकडा दरवर्षी तपासून १० च्या खाली गेला की डोस द्यावाच लागतो.

अडचण अशी की तक्त्यावर हा ‘६’ ओळ १ मध्ये पडतो. लस कधीच न घेतलेला आणि वीस वर्षांपूर्वी घेतलेला, दोघंही तिथे सारखेच दिसतात. त्यांना वेगळं करतं ते लसीकरणाचं कार्ड. म्हणून ते पिवळं पडलेलं कार्ड फेकू नका. भारतात ही लस सरकारी लसीकरणात २००२ च्या सुमारास काही भागांत सुरू झाली आणि २०११ मध्ये देशभर पोहोचली. आज तिशीच्या पुढे असलेल्यांपैकी अनेकांना लहानपणी ती मिळालेलीच नाही, हे ओळ १ वाचताना ध्यानात ठेवा.

## ‘नुसती एचबीएसएजी केली तर पुरत नाही का?’

शिबिरांत आणि ऑपरेशनआधी बहुतेक ठिकाणी तेवढीच करतात. रक्ताच्या थेंबावरची पट्टी-चाचणी स्वस्त पडते आणि आत्ता विषाणू आहे का, या प्रश्नाचं उत्तर देते. तेवढंच हवं असेल तर ती पुरते. पण तक्त्याचा पहिला रकाना पाहा. पाचपैकी चार ओळींत तिथे ‘नाही’ आहे. लस हवी असलेला, लस मिळालेला, आजारातून बरा झालेला आणि अपुऱ्या उत्तराचा, हे चौघंही नुसत्या एचबीएसएजीवर एकसारखे दिसतात. ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे मी सुरक्षित’ हा समज इथूनच येतो, आणि तो धोकादायक आहे.

वेळेचाही मुद्दा आहे. विषाणू शिरल्यावर एचबीएसएजी रक्तात दिसायला साधारण महिना लागतो, काहींना दहा आठवड्यांपर्यंत. काल सुई टोचली आणि आज रक्त दिलं, तर तो रिपोर्ट कालच्या सुईबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त आधीची स्थिती दाखवतो. उलट बाजूने, लसीत सालच असल्यामुळे डोस घेतल्यावर थोडे दिवस, जास्तीत जास्त अठरा दिवसांपर्यंत, एचबीएसएजी खोटीच रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. डोस घेऊन लगेच मेडिकलला जाऊ नका, आणि गेलाच असाल तर डोसची तारीख तिथे सांगा.

## ओळ ४ आली तर

ही लागणीची ओळ. पण लागण ताजी आहे की जुनी, हे ती एकटी सांगत नाही. इथे अँटी-एचबीसी आयजीएम कामाला येते. ताज्या लागणीत ती बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह असते, जुन्या लागणीत बहुधा नसते. ‘बहुधा’ म्हणतो, कारण जुन्या आजाराने पुन्हा उचल खाल्ली तरी ती रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. खरा निकाल काळ लावतो: एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त टिकली तर लागण जुनाट.

निरोगी प्रौढ माणसाला पहिल्यांदा लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त जण स्वतःहून बरे होतात आणि काही महिन्यांत ओळ ३ वर जातात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांचं चित्र नेमकं उलटं आहे. शंभरातल्या नव्वदांना ती कायमची चिकटते. म्हणून बाळाला लसीचा पहिला डोस चोवीस तासांच्या आत देतात, आणि आई ओळ ४ वर असेल तर त्याच वेळी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात.

जुनाट लागण म्हणजे लगेच गोळ्या सुरू, असं नाही. पुढे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजणारी डीएनए चाचणी, यकृताला सूज आहे का सांगणारी एसजीपीटी, विषाणू किती जोमाने वाढतोय याचा अंदाज देणारी एचबीईएजी, आणि यकृताची स्थिती दाखवणारी सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन करतात. त्यावरून टेनोफोव्हिरसारखी गोळी द्यायची की ठरावीक काळाने फक्त तपासत राहायचं, हे डॉक्टर ठरवतात. सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, तेव्हा खर्चाच्या धास्तीने थांबू नका, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

घरच्या सगळ्यांचा हाच तक्ता भरून घ्या. ओळ १ वर असतील त्यांना लस द्या. लागण झालेल्या माणसाचं ताट-पेला वेगळा करू नका. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा शिंकेतून हा आजार पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश, कारण त्यांना रक्त लागू शकतं. जोडीदाराची लस पूर्ण होऊन संरक्षण मिळेपर्यंत कंडोम वापरा.

## ओळ ५ का अडवते

मधल्या रकान्यात एकटंच ‘आहे’. कोय कधीतरी आत आली होती, पण साल दिसत नाही आणि सालीविरुद्धची प्रतिपिंडंही नाहीत. असं होण्याची कारणं मुख्यतः चार. एक, फार वर्षांपूर्वी लागण होऊन गेली आणि प्रतिपिंडं मोजता येणार नाहीत इतकी ओसरली. दोन, चाचणीच चुकून रिअ‍ॅक्टिव्ह आली. तीन, ताज्या लागणीतून माणूस सावरतोय. साल नाहीशी झाली आहे, पण अँटी-एचबीएस अजून वर यायची आहे. हा काही आठवड्यांचा मधला काळ असतो आणि त्यात आयजीएम रिअ‍ॅक्टिव्ह सापडते. चार, विषाणू आहे, पण इतका थोडा की एचबीएसएजीला तो पकडता येत नाही.

उलगडा याच क्रमाने शोधतात: शक्य तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चाचणी पुन्हा, मग आयजीएम, मग डीएनए. दीडेक वर्षाच्या आतल्या बाळात ही ओळ दिसली तर आईकडून आलेली प्रतिपिंडं असू शकतात, आणि नुकतंच कोणाचं रक्त किंवा प्रतिपिंडं चढवली असतील तर ती त्या दात्याची असू शकतात.

तक्त्याच्या बाहेरची उत्तरंही क्वचित येतात, जसं की एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस दोन्ही ‘आहे’. अशा वेळी ओढूनताणून एखाद्या ओळीत बसवू नका. चाचणी पुन्हा करून घ्या आणि रिपोर्ट यकृततज्ज्ञांना दाखवा.

## ओळ ३ वरच्यांनी जपून ठेवायची गोष्ट

ऐरोलीच्या मुलीचे वडील आज निरोगी आहेत, त्यांच्याकडून कोणाला लागण होत नाही आणि त्यांना औषधही नको. पण बरं झाल्यावरही विषाणूचा जनुकीय अंश यकृताच्या पेशींत शिल्लक राहतो. शरीराची पहारेदारी जोरात असते तोवर तो गप्प बसतो. पुढे कॅन्सरसाठी केमोथेरपी, लिम्फोमा किंवा संधिवातासाठी रिटुक्सिमॅब, किंवा दीर्घकाळ स्टिरॉइडचे मोठे डोस द्यायची वेळ आली, तर पहारा ढिला पडतो. तेव्हा विषाणू पुन्हा वाढू शकतो, आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ओळ ५ वरच्यांनाही हाच धोका आहे, आणि ओळ ४ वरच्यांना तर सगळ्यांत जास्त.

हे टाळता येतं. उपचार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना कळलं तर ते विषाणूला दाबणारी गोळी आधीपासून सुरू करतात किंवा डीएनए चाचणीवर लक्ष ठेवतात. पण हा इशारा फक्त मधल्या रकान्यात असतो. एचबीएसएजी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आहे एवढंच फाइलमध्ये लिहिलेलं असेल, तर कोणाला काही कळणार नाही. म्हणून तीनही उत्तरांचा रिपोर्ट तारखेसकट मोबाइलमध्ये आणि कागदावर ठेवा, आणि अशा कुठल्याही औषधाचा पहिला डोस घेण्याआधी तो स्वतःहून डॉक्टरांसमोर ठेवा.